प्रश्नपत्रिकेतले गाव आणि शेवटचा नळ : सामुदायिक आरोग्याच्या परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील परिचर्या महाविद्यालयांसाठी सामुदायिक आरोग्य परिचर्येचे प्रश्न काढणारे आणि उत्तरपत्रिका तपासणारे सर्व परीक्षक

स.न.वि.वि.

'प्राथमिक आरोग्य सेवेची तत्त्वे सांगा. लोकसहभाग आणि आंतरक्षेत्रीय समन्वय यांवर सविस्तर लिहा.' हा प्रश्न शब्द इकडचे तिकडे करून दरवर्षी येतो. उत्तरही ठरलेले आहे. सप्टेंबर १९७८, अल्मा-आटा, १३४ देश, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ. मग समन्यायी वाटप, लोकसहभाग, आंतरक्षेत्रीय समन्वय आणि योग्य तंत्रज्ञान ही चार तत्त्वे. मग प्रत्येकाखाली चार ओळी. काही जण तत्त्वे आणि आठ मूलभूत घटक यांची गल्लत करतात, तेवढ्यावर गुण कापले जातात. बाकी सगळ्यांना पंधरापैकी दहा-अकरा.

अडचण अशी की याच उत्तराला अकरा गुण मिळवलेली मुलगी उपकेंद्रात रुजू होते आणि तिच्यासमोर ओटी चाचणीची नळी येते. नळीतले पाणी पिवळे होत नाही. ते का झाले नाही, कोणाला सांगायचे, कोणाच्या सहीने काय बदलेल, यातले काहीही तिच्या उत्तरात नव्हते. आमची विनंती एवढीच आहे की तत्त्वे विचारू नका, तत्त्वे वापरायला लावा. त्यासाठी एक नमुना प्रश्न आणि तो कसा तपासावा हे खाली देत आहोत. गाव काल्पनिक आहे. तिथली परिस्थिती मात्र पंचगंगेकाठी कोणालाही ओळखू येईल.

प्रश्न. शिरोळ तालुक्यातले नदीकाठचे गाव, लोकसंख्या ३,२००. नदीवरच्या जॅकवेलमधून पाणी रात्री एक लाख लिटरच्या उंच टाकीत चढते आणि सकाळी ६ ते ६.४५ या वेळात उताराने गावात सोडले जाते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पूर ओसरला. त्यानंतर चार दिवसांत जुलाब-उलट्यांचे २६ रुग्ण आले. त्यांतले १९ गावाच्या टोकाच्या साठ घरांच्या वस्तीतले आहेत. सकाळी ६.२० च्या सुमारास घेतलेल्या ओटी चाचणीत उरलेला क्लोरीन टाकीजवळ ०.५, चौकात ०.४, शाळेजवळ ०.३ आणि वस्तीच्या पहिल्या नळाला शून्य मिलिग्रॅम प्रति लिटर आढळला. शाळा ते वस्ती जलवाहिनी दीडशे मीटर गटाराच्या कडेने जाते. चौकातल्या अकरा घरांनी नळाला थेट विजेची मोटर लावली आहे. वस्तीत पाणी चढत नाही म्हणून लोकांनी दोन फूट खड्डे खणून त्यांत नळ उतरवले आहेत. (अ) दोष कुठे आहे ते कारणांसह सांगा. (ब) त्यात लोकसहभाग कुठे आणि कशासाठी लागेल? (क) कोणकोणत्या विभागांचा समन्वय लागेल आणि तो झाला हे कसे ओळखाल? (ड) या गावाच्या हातात नसलेले काय आहे?

गुण अनुक्रमे ५, ४, ४ आणि २.

पहिल्या भागात बहुतेक विद्यार्थी 'पाण्यात टीसीएल टाकले नाही' असे लिहून मोकळे होतील. त्यांना शून्य द्या, कारण टाकीजवळ ०.५ आहे. पूर किंवा साथीच्या काळात तेवढा असायलाच हवा, एरवी नळाला किमान ०.२ चालतो. टाकीतच शून्य असते तर दोष पावडरीत, मात्रेत किंवा ती टाकणाऱ्यात शोधला असता. चौकापासून शाळेपर्यंत आकडा हळूहळू उतरतो, हेही स्वाभाविक आहे. पाइपातला गाळ आणि शेवाळ थोडा क्लोरीन खातातच. पण शाळेपुढच्या दीडशे मीटरमध्ये तो ०.३ वरून एकदम शून्यावर येतो. म्हणजे त्या टप्प्यात बाहेरचे घाण पाणी आत शिरते आहे.

चांगला विद्यार्थी इथे थांबणार नाही. पाइपात दाब असताना फुटक्या जागेतून पाणी बाहेर येते, गटाराचे पाणी आत जात नाही. ते आत जायला दाब पडावा लागतो. तो दोन वेळी पडतो : पाणी बंद झाल्यावर, आणि वरच्या बाजूला मोटरी पाणी ओढत असताना. यातले नेमके कोणते ते ओळखायला दोन नमुने पुरतात. एक नळ सुरू होताच, दुसरा पंधरा मिनिटांनी. पहिल्यात शून्य आणि दुसऱ्यात ०.२ आला, तर रात्रभर पाइपात साचलेले पाणी खराब होते. नळ सुटल्यावर पहिली काही मिनिटे ते वाहू द्यायचे आणि गळती शोधायची. दोन्हीत शून्य असेल, तर पाणी सुरू असतानाच घाण आत ओढली जाते आहे. आमच्या प्रश्नात वाचन ६.२० चे आहे, म्हणजे पाणी सुटून वीस मिनिटे झाली आहेत आणि तरीही शून्य. संशय मोटरींवर जातो. खड्ड्यातल्या नळांचाही वाटा आहेच. पावसात खड्डा भरतो, नळाचे तोंड गढूळ पाण्यात बुडते आणि दाब पडताच तेच पाणी पाइपात परत जाते.

ओटीबद्दल एक गोष्ट तपासताना पाहा. वाचन पहिल्या दहा सेकंदांत घ्यायचे असते. नळी पंधरा-वीस मिनिटे ठेवून दिली तर अमोनियाशी जोडलेला क्लोरीनही रंग देतो आणि आकडा उगाच मोठा दिसतो. पुरानंतरच्या पाण्यात ही चूक हमखास होते. जंतू तपासणीसाठी निर्जंतुक, थायोसल्फेट घातलेल्या बाटलीत थंड ठेवून नमुना प्रयोगशाळेत पाठवायचाच, पण त्याचा निकाल यायला दिवस लागतात. तोवर हातावर हात ठेवून बसायचे नसते, हे ज्याने लिहिले त्याला अर्धा गुण जादा द्यायला हरकत नाही.

पावडरीचे प्रश्न आले की पाठ्यपुस्तकातले '१,००० लिटरला २.५ ग्रॅम' हे वाक्य उतरवले जाते. एक लाख लिटरला २५० ग्रॅम, हिशेब बरोबर. पण हा आकडा चांगल्या, म्हणजे साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचा आणि स्वच्छ पाण्याचा आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीत तोंड उघडे पडलेल्या गोणीतली पावडर दमट हवेत महिन्यागणिक उतरत जाते. २० टक्क्यांच्या खाली गेली की ती निकृष्ट ठरते. दुसरीकडे पुरानंतरचे पाणी स्वतःच क्लोरीन खाते. दोन्ही बाजूंनी २५० ग्रॅमचा हिशेब कोसळतो. तरीही टाकीवरचा माणूस जानेवारीतही तेवढीच वाटी टाकतो आणि ऑगस्टमध्येही तेवढीच.

यावर हॉरॉक्सची पेटी हे उत्तर आहे आणि 'योग्य तंत्रज्ञान' या तत्त्वाचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. आतून खूण असलेल्या काळ्या कपात २ ग्रॅमचा एक सपाट चमचा पावडर घ्यायची, थोड्या पाण्यात लगदा करायचा, खुणेपर्यंत पाणी भरून ढवळायचे आणि चुना खाली बसू द्यायचा. सहा पांढऱ्या कपांत तपासायचे पाणी काठाखाली एक सेंटिमीटरपर्यंत भरायचे. वरच्या निवळ द्रावाचा पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत टाकून ढवळायचे. अर्धा तास थांबून प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब घालायचे. निळा रंग स्पष्ट दिसणारा पहिला कप कितवा, तेवढे चमचे पावडर ४५५ लिटरला लागते. तिसरा कप निळा झाला तर ६ ग्रॅम. म्हणजे एक लाख लिटरच्या टाकीला सुमारे १ किलो ३०० ग्रॅम. हिवाळ्यात निवळ पाण्यात, ताज्या पावडरीने पहिलाच कप निळा झाला तर तेच काम ४४० ग्रॅममध्ये होते. पावडर किती उतरली आणि पाणी किती क्लोरीन खाते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच चाचणीत मिळते, कारण चाचणी गावाच्याच पावडरीवर आणि गावाच्याच पाण्यावर होते. पावडरीची टक्केवारी काढायला नको. पाणी सोडणाऱ्याला एका दुपारी शिकवता येते. 'योग्य तंत्रज्ञान म्हणजे स्वस्त तंत्रज्ञान' असे लिहिणाऱ्याला हे उदाहरण दाखवा. पेटी स्वस्त आहे हे खरे, पण ती योग्य ठरते ती वापरणाऱ्याला तिचा निकाल स्वतः वाचता येतो म्हणून.

आता भाग ब. अल्मा-आटा जाहीरनाम्याच्या चौथ्या कलमात लोकांचा सहभाग हा त्यांचा हक्क आणि कर्तव्य म्हटला आहे, आणि तो आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत, दोन्हींत. आपल्या उत्तरपत्रिकांत नियोजन गळून पडते. उरतो तो 'लोकांनी लसीकरणाला सहकार्य करावे, पाणी उकळून प्यावे, परिसर स्वच्छ ठेवावा'. हे आज्ञापालन झाले. त्याला सहभागाचे गुण देऊ नयेत.

प्रश्नातल्या गावात सहभाग कुठे लागतो ते पाहा. मोटरींमुळेच घाण आत येते हा अजून अंदाज आहे. तो पक्का करायला एक सकाळ अकराही मोटरी बंद ठेवून ६.२० ला वस्तीतल्या नळाचे वाचन पुन्हा घ्यावे लागेल. आरोग्यसेवकाला हे एकट्याने करता येत नाही. अकरा घरांच्या मोटरी बंद ठेवण्याचा त्याला अधिकार नाही आणि चौकातली ती घरे गावात वजन राखून असणार. म्हणजे रोगाचे कारण शोधण्याच्या पायरीवरच लोकांची संमती लागते, उपाय तर पुढची गोष्ट. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची तातडीची बैठक, तिथे चार ठिकाणची चार वाचने नळ्यांसकट मांडणे, आणि दुसऱ्या सकाळच्या चाचणीला मोटरवाल्यांपैकी एकाला व वस्तीतल्या दोन बायकांना हजर ठेवणे, असा क्रम ज्याने लिहिला त्याला विषय कळला आहे. पाण्याला वास कोणत्या वेळी येतो आणि कोणत्या नळाला आधी येतो, हे वस्तीतल्या बायकांना तुमच्या-आमच्या आधी माहीत असते.

त्या सकाळी वस्तीत ०.२ आला, तर निर्णय ग्रामसभेपुढे नेता येतो. मोटर लावणाऱ्याचे नळकनेक्शन तोडायचे का, आणि व्हॉल्व्ह सोडण्याचा क्रम उलटा करून टोकाच्या वस्तीला आधी पाणी द्यायचे का, असे दोन निर्णय. दुसरा निर्णय समन्यायी वाटपाचा आहे. तो फुकट होतो आणि बहुधा पहिल्याहून जास्त भांडण लावतो. मोटरी बंद ठेवूनही शून्यच आला, तर मोटरवाल्यांना दोष देणे थांबवून दीडशे मीटरचा पाइप उकरावा लागेल. विद्यार्थ्याने हा दुसरा निकालही लिहिला पाहिजे. चाचणीआधी ग्रामसभेत आरोप करणारा आरोग्यसेवक पुढच्या बैठकीला एकटाच बसतो.

सहभागाची खोली मोजायला १९८८ मध्ये सुसान रिफकिन आणि सहकाऱ्यांनी पाच कसोट्या सुचवल्या : गरज कोणी ठरवली, नेतृत्व कोणाचे, संघटना कशी, साधने कुठून आली आणि व्यवस्थापन कोणाच्या हाती. विद्यार्थ्यांना पाचही पाठ नसल्या तरी चालेल. 'साधने' या एकाच कसोटीवर बोट ठेवून लोकांनी खड्डे बुजवायला श्रमदान केले, पण व्हॉल्व्हचा क्रम त्यांना विचारून ठरला नाही, असा फरक दाखवता आला तरी पुष्कळ. बिनपगारी मजुरीला लोकसहभाग म्हणण्याची आपल्याकडे फार सवय आहे.

भाग क मध्ये विभागांची यादी येईल : शिक्षण, शेती, पशुसंवर्धन, गृहनिर्माण, दळणवळण. जाहीरनाम्याच्या सातव्या कलमात ती तशीच आहे. या यादीला एकच गुण. उरलेले तीन कोण कोणाला काय देतो यासाठी राखून ठेवा. ओटी चाचणी आरोग्य विभागाचा माणूस करतो. टीसीएल ग्रामपंचायत विकत घेते आणि जलसुरक्षक टाकतो. टीसीएलचा नमुना प्रयोगशाळा तपासते. मोठ्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग करतो. ज्याच्या हाती नळी आहे त्याच्या हाती पाना नाही आणि ज्याच्या हाती पाना आहे त्याला नळीचा रंग दिसत नाही. समन्वयाची गरज एवढ्यातच सांगून होते.

इथे आम्हाला विशेष अपेक्षित असलेला विभाग यादीत कुठेच नसतो. तो महावितरण. टाकी रात्रीच भरलेली असते आणि गावाला पाणी उताराने मिळते, त्यामुळे सकाळी ६ ते ६.४५ गावठाणाची वीज बंद राहिली तरी पुरवठ्यावर परिणाम होत नाही, मोटरी मात्र बंद पडतात. कनेक्शन तोडण्याच्या भांडणापेक्षा हा उपाय झटपट आहे. त्याच्या अटीही विद्यार्थ्याने सांगाव्यात : ग्रामसभेचा ठराव हवा, लसींच्या शीतसाखळीला धक्का लागू नये, घरात ऑक्सिजनचे यंत्र असलेला रुग्ण नाही ना याची आशाकडून खात्री हवी, आणि पाइप दुरुस्त होईपर्यंतचीच मुदत हवी. इन्व्हर्टरवाल्यांची मोटर चालूच राहील, हेही एखाद्याला सुचेल. सुचले तर गुण द्या.

समन्वय झाला हे ओळखायचे कसे? 'माहितीस्तव व पुढील उचित कार्यवाहीस्तव सादर' असे पत्र गेले, म्हणून झाला नाही. वस्तीतले वाचन शून्य आले की त्याच दिवशी कोणाचा फोन कोणाला गेला, दुसऱ्या सकाळी कोणते वाचन बदलले आणि ते एकाच वहीत लिहिले गेले का, हे पाहायचे. आरोग्यसेवकाची वही वेगळी आणि जलसुरक्षकाची वही वेगळी असेल, आणि दोन्हींत एकाच दिवसाचे आकडे जुळत नसतील, तर समन्वय कागदावर आहे. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देतात. हिरवे कार्ड असलेल्या गावातही वरची परिस्थिती येऊ शकते का, असा तोंडी परीक्षेत प्रश्न विचारून पाहा. येऊ शकते. सर्वेक्षण ठरावीक काळाने होते, पाइप कोणत्याही रात्री फुटतो.

भाग ड दोनच गुणांचा आहे, पण पाठांतर तिथेच उघडे पडते. गावाने मोटरी काढल्या, पाइप बदलला, पेटी वापरली, तरी जॅकवेलमध्ये येणारे पाणी वरून येते. कोल्हापूर शहरातल्या जयंती आणि दुधाळी नाल्यांचे, काठच्या गावांचे आणि उद्योगांचे सांडपाणी, आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घातलेले असताना उन्हाळ्यात साचून राहणारे पाणी, यांतले काहीच ग्रामसभेच्या कक्षेत नाही. तिथे महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पाटबंधारे विभाग लागतात आणि समन्वय जिल्हा पातळीवरच होऊ शकतो. गावाने लोकसहभाग वाढवावा, हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. त्यावर एक उपप्रश्न जरूर ठेवा : प्रश्नातल्या गावात जुलाबांऐवजी ई प्रकारच्या काविळीचे रुग्ण असते, तर आजच्या ओटी वाचनाचा किती उपयोग झाला असता? जुलाबांचा अधिशयन काळ काही तासांपासून चार-पाच दिवसांचा, म्हणून आजचे शून्य वाचन आजच्या रुग्णांबद्दल काही सांगते. ई काविळीचा काळ दोन ते आठ आठवड्यांचा. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याला बाधलेले पाणी महिन्यापूर्वी वाहून गेलेले असते. आज सगळ्या नळांना ०.५ आला तरी त्याने काहीच सिद्ध होत नाही. तिथे पुरावा महिनाभरापूर्वीच्या वहीतच सापडतो, आणि ती वही रोज, टोकाच्या नळाचे वाचन घेऊन भरलेली असेल तरच. टाकीखालच्या नळाचे वाचन तीस दिवस ओळीने ०.५ लिहिलेले असेल, तर ती वही पुरावा म्हणून बाद धरावी. विद्यार्थ्याने गरोदर बायकांची यादी आशाकडून त्याच दिवशी घ्यायला सांगितली, तर त्याला ई काविळीचा खरा धोका कोणाला आहे हे माहीत आहे असे समजा.

उत्तरात अल्मा-आटाचे वर्ष चुकले तर अर्ध्या गुणापेक्षा जास्त कापू नका. शाळा आणि वस्ती यांच्यामधली जागा चुकली, तर भाग अ चे पूर्ण गुण कापा.

आपले,
सामुदायिक आरोग्य हा विषय शिकवणारे काही जण
कोल्हापूर